तोंडातला पांढरा चट्टा जात नाही? तपासताना आणि तुकडा काढताना या चुका टाळा

निपाणी-चिकोडी भागात तंबाखू पिकतो, वखारीत साठतो, बिडीत भरला जातो आणि चुन्याबरोबर मळून ओठाखाली किंवा गालाच्या सांदीतही धरला जातो. मशेरी लावणाऱ्या बायकाही घरोघरी सापडतात. त्यामुळे इथे तोंडात पांढरा चट्टा दिसला की दोनपैकी एक गोष्ट होते. ‘चुन्यानं भाजलंय, जाईल’ म्हणून वर्षभर कोणी बघत नाही, नाहीतर ‘कॅन्सरच’ म्हणून घरात रडारड सुरू होते. खरं तर पांढऱ्या चट्ट्यांची कारणं बरीच आहेत आणि त्यातले बहुतेक कर्करोगाचे नसतात. पण कोणते नसतात हे ठरवायचा एक क्रम आहे. तो चुकला की चट्ट्याचा तुकडा काढून, म्हणजे बायोप्सी करूनही खरा आजार निसटतो.

एक उदाहरण धरून चालू. वखारीत काम करणारे ५४ वर्षांचे गृहस्थ. पंचवीस वर्षांची तंबाखू-चुन्याची सवय, दिवसातून आठ-दहा वेळा, बार नेहमी डाव्या खालच्या सांदीत. तिथे साधारण ३० मिलिमीटर लांब आणि २० मिलिमीटर रुंद पांढरट, सुरकुतलेला चट्टा आहे. दुखत नाही. मागच्या टोकाला, अक्कलदाढेजवळ, ६ मिलिमीटरचा एक ठिपका मात्र लालसर असून त्यावर पांढरे दाणे आहेत. शेजारच्या दाढेचा कोपरा तुटून धारदार झालाय.

पहिली चूक: पुसून न बघताच औषध सुरू करणं

कोरड्या गॉजचा तुकडा बोटाला गुंडाळून चट्ट्यावरून दोन-तीनदा नेमका पुसायचा. दह्याच्या सायीसारखा थर निघून खाली लाल, कधी किंचित रक्ताळलेली त्वचा दिसली, तर ती बहुधा कँडिडा बुरशी असते. कवळी रात्रंदिवस घालणारे, मधुमेह आटोक्यात नसलेले, दम्याचा स्टिरॉइडचा पंप ओढून चूळ न भरणारे यांच्यात ती जास्त दिसते. दाढदुखीवर गालात धरून ठेवलेली अॅस्पिरिनची गोळी किंवा लवंगतेल यांनी भाजलेली पांढरी साल सुद्धा निघते. ती काही दिवसांत भरून येते.

आपल्या उदाहरणात चट्टा पुसून निघत नाही. म्हणजे पांढरेपणा वरून बसलेला नाही. वरचा थरच जाड झालाय.

इथे ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून देणं ही नेहमीची पळवाट आहे. त्याहून वाईट म्हणजे ‘तोंड आलंय’ समजून ट्रायम्सिनोलोनची मलम दुकानातून आणून लावणं. ते स्टिरॉइड आहे. बुरशी असेल तर त्याने वाढते. दुसरं काही असेल तर वरची आग आणि लाली काही दिवस दबते, आणि नेमका तोच भाग लपतो जो डॉक्टरांना दिसायला हवा होता.

दुसरी चूक: एकच गाल बघणं

तोंड पूर्ण बघायला पाच मिनिटं लागतात. गाल ओढून ताणायचा. पांढुरकी झाक ताणल्यावर नाहीशी झाली आणि दोन्ही गालांवर सारखीच असेल, तर तो ल्युकोएडिमा, म्हणजे त्वचेचा एक साधा प्रकार. त्याला काही करावं लागत नाही. दोन्ही गालांवर मांजरपाटाच्या जाळीसारख्या बारीक पांढऱ्या रेघा आणि तिखट लागलं की आग, असं असेल तर लायकेन प्लॅनसचा विचार करायचा. तो बहुतेक दोन्ही बाजूंना असतो, एकाच सांदीत बसत नाही. गाल संगमरवरासारखा फिकट, बोटाला दोरीसारखे पट्टे लागतात आणि तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, तर सुपारी-गुटख्याने होणारा सबम्यूकस फायब्रोसिस. त्याचा मार्ग वेगळा आहे.

जीभ गॉजने धरून दोन्हीकडे ओढून तिच्या कडा आणि जिभेखालची जागा बघणं कधीही सोडू नये. या दोन जागांवरचा न पुसला जाणारा चट्टा लहान असला तरी कमी लेखायचा नाही.

आपल्या माणसाचा उजवा गाल स्वच्छ आहे, तीन बोटं जातात, ताणल्यावर चट्टा तसाच राहतो. म्हणजे उरले तीन संशयित: दाढेच्या धारेने घासून झालेला चट्टा, तंबाखू-चुन्याचा चट्टा आणि ल्युकोप्लेकिया, म्हणजे पुढे कर्करोगाकडे वळू शकणारा पांढरा चट्टा. ल्युकोप्लेकिया हे नाव बाकीची कारणं वगळल्यावरच द्यायचं असतं, चट्टा बघताक्षणी नाही.

तिसरी चूक: बाजू बदलून ‘सोडली’ म्हणणं

या तिघांना वेगळं करायची कसोटी सोपी आहे: कारण काढा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. दाढेची धार दंतवैद्याकडून घासून गुळगुळीत करून घ्यायची. तंबाखू, चुना, मशेरी सगळं पूर्ण बंद. लाल-पांढऱ्या दाणेदार भागात बुरशी अनेकदा मिसळलेली असते, म्हणून डॉक्टर क्लोट्रिमॅझोलसारखं बुरशीचं औषध याच काळात लावायला देतात.

पण बरेच लोक डावीकडचा बार उजवीकडे धरायला लागतात. मग डावा चट्टा थोडा विरळ होतो, घरच्यांना बरं वाटतं, आणि उजव्या सांदीत नवा सुरू होतो. कसोटीला काही अर्थच राहत नाही. सकाळी एकदाच मशेरी लावते म्हणणाऱ्या बाईलाही स्पष्ट विचारावं लागतं: एकदा म्हणजे किती वेळ तोंडात राहते?

दोन आठवडे ही वरची मर्यादा आहे. म्हणून पुढच्या तपासणीची आणि तुकड्याची तारीख पहिल्याच दिवशी घेऊन ठेवायची. चट्टा बोटाला टणक लागत असेल, त्यात न भरणारी जखम असेल, दात उगाच हलू लागला असेल, जीभ वळत नसेल किंवा मानेत गाठ असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबायचं नाही. आणि न दुखणं हा दिलासा नाही. सुरुवातीला धोकादायक चट्टाही सहसा दुखत नाही.

उदाहरणातल्या माणसाने सवय खरंच बंद केली. चौदाव्या दिवशी पुढचा सुरकुतलेला भाग पातळ आणि फिकट झालाय. तो तंबाखूचाच होता. मागचा लाल दाणेदार ठिपका मात्र जसाच्या तसा आहे. एका चट्ट्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि त्या डोळ्यांनी एकत्रच दिसत होत्या.

चौथी चूक, आणि सर्वांत महागात पडणारी: तुकडा चुकीच्या जागेवरून

काही चट्ट्यांना तुकडा का लागतो? जाड झालेल्या थराखाली पेशी शिस्तीत रचलेल्या आहेत की त्यांची रचना बिघडायला लागलीय, हे वरून कुणालाही दिसत नाही. त्या बिघाडाला डिस्प्लेसिया म्हणतात आणि तो फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कळतो. ब्रशने खरवडून केलेली तपासणी वरच्या पेशी देते, खालची रचना दाखवत नाही, म्हणून ती तुकड्याची जागा घेत नाही.

आता याच माणसाच्या पुढच्या पांढऱ्या भागातून तुकडा घेतला असता, कारण तो समोर आहे आणि सोपा पडतो, तर अहवाल आला असता: ‘थर जाड, डिस्प्लेसिया नाही’. कागद खरा, निष्कर्ष खोटा. मागच्या ठिपक्यातून घेतल्यावर येतो ‘मध्यम डिस्प्लेसिया’. म्हणून तुकडा नेहमी सर्वांत संशयास्पद भागातून घ्यायचा: लाल, दाणेदार, चामखिळीसारखा उंचावलेला किंवा टणक. जखम असेल तर तिच्या मधून नाही, कडेवरून, कारण मध्यभागी मेलेल्या पेशीच मिळतात. चट्टा मोठा असेल तर दोन-तीन ठिकाणांहून वेगवेगळे तुकडे, वेगवेगळ्या बाटल्यांत, प्रत्येकावर जागेचं नाव.

भुलीची सुई चट्ट्याच्या आत नाही, शेजारी द्यायची. आत दिली तर द्रवाने पेशी फुगून रचना बिघडते. तुकडा साधारण ५ मिलिमीटर रुंद आणि खालच्या मऊ ऊतीपर्यंत खोल हवा. निव्वळ वरची साल मिळाली तर रोग खाली उतरलाय का हे सांगताच येत नाही. चिमट्याने चेंगरलेला तुकडाही असाच वाया जातो.

तुकडा लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या किमान दहा पट द्रवात. घाईत सलाइनमध्ये टाकून दुसऱ्या दिवशी पाठवला तर तो कुजायला लागलेला असतो. आणि फॉर्मवर वय, सवय, नेमकी जागा आणि काय शंका आहे हे लिहायला हवं. ‘तोंडातला तुकडा’ एवढंच लिहिलं तर पॅथॉलॉजिस्टचं निम्मं काम अंधारात होतं.

रुग्णाने आपल्या बाजूने रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावी, स्वतःहून बंद करू नये. एक-दोन टाके पडतात, तीन-चार दिवस ठणकतं. ‘हात लावला की पसरतो’ ही भीती आपल्याकडे अजून आहे. तुकडा काढल्याने कर्करोग पसरत नाही. उशीर केला तर मात्र तो आपणहून पसरतो.

अहवाल आल्यावरच्या चुका

‘डिस्प्लेसिया’ हा शब्द वाचून लोक कर्करोग झाला असं समजतात. तसं नाही. सौम्य, मध्यम, तीव्र अशा त्याच्या पायऱ्या असतात आणि असे अनेक चट्टे कधीच कर्करोग होत नाहीत. पण मध्यम आणि तीव्र असेल तर तो भाग सहसा काढून टाकतात. तो काढल्यावरही धोका शून्य होत नाही, म्हणून नजर ठेवावीच लागते, सुरुवातीला साधारण दर तीन महिन्यांनी.

उलट, अहवालात डिस्प्लेसिया नाही आणि चट्टा मात्र वाढतोय, लाल होतोय, तर कागदावर विसंबायचं नाही, पुन्हा तुकडा घ्यायचा. आणि तंबाखू कधीच न खाणाऱ्या माणसाला चट्टा असेल तर ‘याला सवयच नाही’ म्हणून सोडू नये. कारण सापडत नाही असा चट्टा उलट जास्त काळजीचा असतो.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. अथणीचा माणूस मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूरला, खानापूर-हुक्केरीचा बेळगावला, आणि दुसरं मत घ्यायला तिसऱ्याच गावी. बरोबर फक्त अहवालाचा कागद असतो. तो पुरेसा नाही. प्रयोगशाळेतून काचपट्ट्या आणि तुकडा ज्यात जपून ठेवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्यावा. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला तोच तुकडा बघता येतो आणि पुन्हा कापावं लागत नाही. त्याबरोबर पहिल्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी त्याच उजेडात, गाल तसाच ओढून काढलेले दोन फोटो न्यावेत. तुकडा चट्ट्याच्या कोणत्या टोकातून घेतला, हे फोटोवर खूण करून दाखवता आलं पाहिजे.