चॅटवरून फोनवर येताना या चुका टाळा

वधू-वर सूचक साइटवर ओळख झाली, आठवडाभर चॅट छान चाललंय. आता आवाज ऐकावासा वाटतो. नेमकं याच टप्प्यावर बरीच स्थळं अडकतात, आणि कारण बहुतेकदा फोनवर बोलायची नावड नसतं. विचारायची पद्धत चुकलेली असते.

सगळ्यात जास्त घोळ घालतो तो रात्री साडेदहाचा "कॉल करू का?" विचारणाऱ्याला ते साधं वाटतं. पण मुलगी नागपूरला आई-बाबांसोबत राहते, हॉलमध्ये टीव्ही चालू आहे, शेजारच्या खोलीत भाऊ अभ्यासाला बसलाय. फोन घ्यायचा तर गच्चीवर जायला हवं, आणि एवढ्या रात्री गच्चीवर का, हे घरात सांगायला हवं. ती "आज नको" लिहिते. मुलाला वाटतं, तिला रस नाही. तिला मुळात बोलायला जागाच नसते. म्हणून "आत्ता" विचारूच नका. न विचारता थेट कॉल लावणं तर त्याहून वाईट.

दुसरी चूक म्हणजे "कधी वेळ आहे तुम्हाला?" असं मोघम विचारणं. ऐकायला नम्र वाटतं, पण सगळं काम समोरच्यावर पडतं. आपलं वेळापत्रक बघायचं, तुमची सोय ताडायची, शिवाय आपण फार उत्सुक दिसतोय का याची काळजीही करायची. उत्तर येतं, "सांगते", आणि विषय तिथेच राहतो.

त्याऐवजी दोन ठरावीक वेळा सुचवा, किती वेळ बोलायचं ते सांगा, साधा कॉल की व्हिडिओ तेही सांगा आणि नाही म्हणायला वाट ठेवा. समजा, तिने हरिश्चंद्रगडच्या ट्रेकबद्दल भरभरून लिहिलंय आणि उलट तुम्हालाही चार प्रश्न विचारलेत. विचारायची वेळ हीच. गप्पा रंगात असतानाच विचारावं. दोन दिवस नुसते "हम्म" आणि इमोजी येत असताना कॉल सुचवला तर तो चॅट वाचवायचा प्रयत्न वाटतो. मेसेज असा लिहिता येईल:

"ट्रेकचा हा किस्सा तुमच्याकडून ऐकायला आवडेल. शनिवारी संध्याकाळी ६ला किंवा रविवारी सकाळी ११ला वीसेक मिनिटं बोलूया का? साधाच कॉल, व्हिडिओ नको. सध्या चॅटच बरं वाटत असेल तर तसंही चालेल."

यातली वीस मिनिटं महत्त्वाची आहेत. कॉल किती लांबेल हे माहीत नसलं की माणूस टाळतो. शेवटचं वाक्य मनापासून लिहिलेलं असू द्या, कारण पुढच्याच दिवशी "मग काय ठरलं?" विचारलंत तर ते खोटं ठरतं.

उत्तर कसं वाचायचं? "शनिवारी जमणार नाही, सोमवारी सातनंतर चालेल का?" हा होकार आहे. "बघू", "या आठवड्यात गडबड आहे" आणि पुढे वेळच नाही, तर तो सध्यापुरता नकार समजा. "काही हरकत नाही" एवढंच लिहा आणि गप्पा पूर्वीसारख्या चालू ठेवा. दहा-पंधरा दिवसांनी, चॅट तितकंच मोकळं असेल तर, एकदा पुन्हा विचारायला हरकत नाही. तिसऱ्यांदा नको. मग पुढाकार तिच्याकडे राहू दे.

व्हिडिओची घाई अनेकजणी नंबर आणि स्क्रीनशॉटच्या भीतीने टाळतात, आणि ती भीती रास्त आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायचं तर बहुतेकदा नंबर द्यावा लागतो. साइटच्या अ‍ॅपमध्ये कॉलची सोय असेल तर आधी ती सुचवा, नाहीतर गूगल मीटची लिंक. एकदोन साध्या कॉलनंतर व्हिडिओचं विचारा, तेही आधी सांगून.

स्थळ परदेशातलं असेल तर वेळ दोन्हीकडची लिहा. न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. त्यामुळे पुण्यातली रात्रीची ८ची वेळ तिथे जुलैत सकाळी साडेदहा होते, जानेवारीत साडेनऊ. वारही लिहा, कारण तिथली शुक्रवारची रात्र म्हणजे आपली शनिवारची सकाळ.

ठरलेल्या दिवशी दुपारी "सहाला बोलूया, जमतंय ना?" एवढा एक मेसेज पुरतो. सहाला एकदाच कॉल लावा. उचलला नाही तर "सवडीने सांगा" लिहून थांबा, पाठोपाठ मिस्ड कॉल नकोत. आणि बोलणं रंगलं तरी वीस मिनिटं झाल्यावर "तुम्हाला वेळ आहे ना अजून?" असं तुम्हीच विचारा.