1/(1+x⁴) चं इंटिग्रेशन करताना या चुका टाळा

अमळनेरला माझ्याकडे बी.एस्सी.ची मुलं येतात. त्यांच्या वह्यांमध्ये हे एक गणित दरवर्षी त्याच त्याच जागी फसलेलं दिसतं. गणित लांब आहे, पण अवघड नाही. छेदाचे दोन वास्तव द्विघाती अवयव पाडायचे, पार्शल फ्रॅक्शन करायचं, एकेका तुकड्याचा लॉग आणि टॅन इन्व्हर्स काढायचा, एवढंच काम आहे. मात्र ते घाईत होत नाही, आणि मुलांना घाईच फार.

सुरुवात अवयवांपासून. `x⁴+1` ला शून्य करणारा एकही वास्तव आकडा नाही, म्हणून "सर, याचे अवयव पडतच नाहीत" असं लिहून मुलं पेन खाली ठेवतात. मी त्यांना रागावत नाही, कारण खुद्द लायब्निझनं 1702 मध्ये `x⁴+a⁴` चे दोन वास्तव द्विघाती अवयव पडत नाहीत असं छापलं होतं. वास्तव मूळ नाही याचा अर्थ एकघाती अवयव नाही, इतकाच होतो. द्विघाती अवयव पडतात. `2x²` मिळवा आणि लगेच तेवढेच वजा करा:

```
x⁴+1 = (x²+1)² − 2x² = (x²+√2x+1)(x²−√2x+1)
```

मिळवलेले `2x²` वजा करायचे राहिले तर पुढचं सगळं वाया जातं. मी अवयव पाडले की `x=1` घालून बघतो. डावीकडे 2 येतात, उजवीकडे `(2+√2)(2−√2)`, म्हणजे 4 वजा 2, तेही 2. पाच सेकंदांचं काम आहे.

आता ज्या चुकीवर माझी लाल शाई सर्वांत जास्त खर्च होते ती. पार्शल फ्रॅक्शन मांडताना दोन्ही अंशांत नुसते `A` आणि `B` लिहायचे. एकघाती छेदावर स्थिर अंश लिहायची सवय हाताला लागलेली असते, तीच इथे चालवली जाते. मग काय होतं ते बघा. `A(x²−√2x+1) + B(x²+√2x+1) = 1` यात `x²` चे सहगुणक जुळवले की `A+B=0` येतं, आणि स्थिर पद जुळवलं की `A+B=1`. दोन्ही एकाच वेळी खरं असूच शकत नाही. इथे आल्यावर निम्मी मुलं गणितच चुकीचं छापलंय म्हणतात आणि उरलेली कसंतरी ओढून उत्तराच्या दिशेनं नेतात. विरोध समोर आला तर गणिताला दोष देऊ नका, दोन ओळी मागे जाऊन स्वतःची मांडणी बघा. छेद द्विघाती आणि न फुटणारा असेल तर अंश एकघाती घ्यावाच लागतो:

```
(Ax+B)/(x²+√2x+1) + (Cx+D)/(x²−√2x+1)
```

चार अनोळखी आकडे बघून घाबरायचं कारण नाही. `x` च्या जागी `−x` घातला तर `1/(1+x⁴)` बदलत नाही, फक्त दोन्ही छेदांची अदलाबदल होते. म्हणून `C=−A` आणि `D=B` हे न सोडवताच मिळतं. `x=0` घातला की `B+D=1`, म्हणजे दोघंही `1/2`. उरला `A`. `x²` चा सहगुणक शून्य करायचा तर `2√2·A=1`, म्हणून `A=1/(2√2)`. चार समीकरणांचा पसारा मी फळ्यावर कधीच मांडत नाही.

पुढची पायरी छोटी आहे. पहिला अंश `(x+√2)/(2√2)` होतो. त्यातल्या `x+√2` चे `½(2x+√2)` आणि `√2/2` असे दोन भाग करा. पहिल्याचा लॉग होतो, दुसऱ्याचा टॅन इन्व्हर्स. छेदाचा पूर्ण वर्ग `(x+1/√2)²+1/2` येतो. इथे `a²` हा `1/2` आहे, `a` नव्हे. `a` म्हणजे `1/√2`.

सगळं नीट केलं की हे मिळतं:

```
(1/(4√2)) ln[(x²+√2x+1)/(x²−√2x+1)]
 + (1/(2√2)) [tan⁻¹(√2x+1) + tan⁻¹(√2x−1)] + C
```

उत्तर लिहून झालं की मी त्याचं `x=0` ला विकलन करतो. लॉगच्या भागातून `1/2` येतो, टॅन इन्व्हर्सच्या भागातून `1/2`, बेरीज 1, आणि `1/(1+0)` सुद्धा 1. सहगुणकांतली बहुतेक चूक इथेच पकडली जाते.

आणि आता इथेच थांबा. पुढे जाऊन दोन टॅन इन्व्हर्सचा एक करू नका.

हे मी कळकळीनं सांगतोय, कारण मी स्वतः दोन वर्षं तो एक करून शिकवला. बेरजेचं सूत्र लावलं की `tan⁻¹(√2x/(1−x²))` असं आटोपशीर रूप येतं, फळ्यावर छान दिसतं. मग एका एप्रिलमध्ये, दुपारी पंखा गरम हवा फेकत असताना, बोरीकाठच्या गावातली एक मुलगी वही घेऊन आली. तिला 0 पासून 2 पर्यंतचं क्षेत्रफळ काढायचं होतं. "सर, उत्तर वजा कसं उनं?" तिच्या वहीत −0.04 होते. आलेख पूर्णपणे अक्षाच्या वर, उंची कुठेही शून्यसुद्धा नाही, आणि क्षेत्रफळ वजा! मी तिच्यासमोर प्रत्येक पायरी तपासली. एकही आकडा चुकला नव्हता. चूक माझ्या सूत्रात होती.

`tan⁻¹u + tan⁻¹v` चं ते सूत्र `uv` 1 पेक्षा लहान असेपर्यंतच जसंच्या तसं चालतं. इथे `uv` म्हणजे `2x²−1`, आणि तो `x=1` ला 1 होतो. त्या जागी `1−x²` शून्य होतं, टॅन इन्व्हर्स `π/2` वरून एकदम `−π/2` वर पडतो, आणि हिशोबातून पूर्ण `π` गळतो. त्याला `1/(2√2)` नं गुणलं की 1.1107 होतात. तिच्या −0.04 मध्ये ते मिळवले की 1.07, आणि तेच खरं उत्तर. दोन टॅन इन्व्हर्स वेगळे ठेवले असते तर ते सरळ आलं असतं, कारण ते दोन्ही कुठेच तुटत नाहीत. त्याच दिवशी मी माझ्या टिपणांतली ती ओळ खोडली आणि पुढच्या तासाला सगळ्या वर्गाला वह्यांत खोडायला लावली.

अंश-छेदाला `x²` नं भागून `x−1/x` ला `t` मानायची जी झटपट पद्धत मुलं क्लासमधून शिकून येतात, तिच्यातही हाच खड्डा आहे, फक्त तो `x=0` ला आहे. तिथे `tan⁻¹((x²−1)/(√2x))` येतो. −1 ते 1 ही सीमा घालून बघा: टॅन इन्व्हर्सचा भाग दोन्ही टोकांना शून्य, उरतात लॉगचे 0.623. खरं उत्तर 1.734 आहे. फरक पुन्हा 1.11 चाच. ही पद्धत वापरायचीच असेल तर शून्य सीमेच्या आत येतं का ते आधी बघा, आणि येत असेल तर तिथे तुकडा पाडून दोन्ही बाजूंच्या मर्यादा वेगळ्या घ्या. एवढं केल्यावर तिच्यात वाचलेला वेळ फारसा उरत नाही, म्हणून मी माझ्या मुलांकडून अवयवांचीच पद्धत करून घेतो.