लांबलेल्या ईमेलमध्ये उत्तर कुठे लिहावं?

छापखान्याने एकाच मेलमध्ये कागद, प्रती आणि तारीख विचारली, आणि तुम्ही वर नुसतं ‘हो, चालेल’ लिहिलंत, तर नेमकं काय चालेल? एका ओळीच्या होकाराला वर लिहिणं ठीक. पण प्रश्न अनेक आणि मेल चार वेळा फिरणार असेल, तर प्रत्येक प्रश्नाखालीच उत्तर द्या:

```
> कागद ७० की ८० जीएसएम?
८०.
> प्रती किती?
५००, पण आधी प्रूफ पाठवा.
```

जीमेलमध्ये रिप्लाय उघडून तीन टिंबांवर क्लिक केलं की जुना मजकूर दिसतो. प्रश्नाच्या शेवटी एंटर मारून लिहा. मिटलेले मुद्दे मात्र निर्दयपणे उडवा, नाहीतर तिसऱ्या फेरीत `>>>` च्या जंगलात उत्तर सापडत नाही. आणि अगदी वर ‘उत्तरं खाली प्रश्नांमध्ये आहेत’ एवढं लिहाच. मोबाईलवर वाचणारे खाली जातातच असं नाही.