सदोष रेग्युलेटरची तक्रार करताना मोजणी कशी केली तेही लिहा

नुसतं ‘रेग्युलेटर खराब निघाले’ लिहिलं की पुरवठादार आधी आपल्या सर्किटवर शंका घेतो. ती रास्तही आहे, कारण कपॅसिटर नसतील तर ७८०५ सारखा ५ व्होल्ट देणारा चांगला व्होल्टेज रेग्युलेटर सुद्धा ऑसिलेट होऊन चुकीचं रीडिंग देऊ शकतो. म्हणून ईमेल असा लिहा:

“नमस्कार, फोटोतल्या लॉटमधील ५०० पैकी २० नग (७८०५) तपासले. इनपुट १० व्होल्ट, लोड ५०० मिलिअँपिअर, हीटसिंक लावलेला, इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सात नगांचं आउटपुट ५.३१ ते ५.४४ व्होल्ट आलं. डेटाशीटची मर्यादा ४.८ ते ५.२ आहे. त्याच सर्किटवर जुन्या लॉटचा नग ५.०२ दाखवतो. कृपया पूर्ण लॉट बदलून द्यावा. सदोष नग तपासणीसाठी पाठवू शकतो.”

जुन्या लॉटचं वाक्य गाळू नका. सर्किटवरची शंका तिथेच मिटते.