डिशवॉशरमधल्या भांड्यांवर पांढरी पावडर राहतेय?

आधी ओलं बोट फिरवून बघा. पांढरं लगेच निघालं आणि बोटाला बुळबुळीत लागलं तर ते डिटर्जंट आहे, नाही निघालं पण व्हिनेगरच्या थेंबाने गेलं तर पाण्यातला क्षार, त्याला डिशवॉशरचं मीठ आणि रिन्स एड लागतं.

डिटर्जंट असेल तर लगेच पावडर बदलू नका. माझ्याकडे एक मोठा ट्रे डिस्पेन्सरच्या झाकणासमोर उभा असायचा, त्यामुळे झाकण अर्धवटच उघडायचं आणि पावडर आत गोळा होऊन शेवटी शेवटी सुटायची, मग धुतली कशी जाणार! सायकल संपल्यावर डिस्पेन्सरमध्ये ओला गठ्ठा दिसला की समजा हेच झालंय. स्प्रे आर्मही हाताने फिरवून बघा, चमचा अडकतो कधीकधी. आणि टॅबलेट शॉर्ट सायकलमध्ये पूर्ण विरघळतेच असं नाही.