आजींच्या पातळ वरणाचं गणित

पुण्यातल्या आमच्या घरी आजींचं वजन ५० किलो, म्हणजे रोज साधारण ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. चावता येईना म्हणून पातळ वरण दिलं, तिथेच चुकलं: वाटीत डाळ जेमतेम १५ ग्रॅम, प्रथिनं साडेतीन.

आता ३० ग्रॅम मूगडाळ मऊ शिजवून घोटतो. १५ ग्रॅम सोयापीठ आधी गार पाण्यात कालवून त्यात घालतो आणि दहा मिनिटं उकळतो. कोरडं टाकलं की गुठळ्या होतात. कच्चं राहिलं तर उग्र लागतं, पचतही नाही. अशा वाटीत साधारण १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. वरून दाण्याचं कूट घालायचं तर पेस्टच करावी, कण कवळीखाली रुततात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.