बोटाला काळं लागलं तेव्हा कळलं

आमच्या घरी महिन्याला जेमतेम तीस-चाळीस पानं छापली जातात, तीही काळी. पानामागे स्वस्त म्हणून आधी इंक टँक प्रिंटर घेतला होता. पण तो पंधरा दिवस बंद राहिला की नोझल सुकायचे आणि हेड क्लीनिंगमध्येच शाई संपायची. रोज रंगीत छपाई असेल त्याला टँकच बरा. मी काळा-पांढरा लेझर घेतला; टोनर ही कोरडी पूड, ती सुकत नाही.

पहिलं कार्ट्रिज संपल्यावर एका दुकानात 'ओरिजिनल' निम्म्या किमतीत मिळालं. छापलेल्या ओळीवरून बोट फिरवलं तर काळं लागलं. म्हणजे पूड फ्यूझरच्या उष्णतेनं नीट वितळून कागदाला चिकटत नव्हती. मग खोका नीट पाहिला. होलोग्राम तिरका केला तरी त्यातलं चित्र बदलत नव्हतं. लगेच परत केलं.

आता कंपॅटिबलच, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं पण माझ्या प्रिंटरला चालणारं घेतो, पण बनवणाऱ्यानं स्वतःच्या नावानं विकलेलं, माझ्या कार्ट्रिजचा नंबर छापलेलं, बिलासकट. दुसऱ्याचं नाव चिकटवलेलं असतं ते नकली. चिप लागणारं मॉडेल असेल तर ती सोबत आहे का, हेही विचारतो. नवं बसवलं की दहा पानं काढून पुन्हा बोट फिरवून बघतो.